घरगुती साबण : दुकानदाराला ४० टक्के द्यायचे म्हणजे माझ्याकडे उरतं काय?

वडीवाली
नमस्कार मंडळी. चिपळूणला कोल्ड प्रोसेसने अंघोळीचे साबण करते. लायसन्स आहे, जीएसटी नाही (उलाढाल तेवढी नाही). १०० ग्रॅमच्या वडीची एमआरपी १२० रुपये. आत्तापर्यंत प्रदर्शनं आणि ओळखीतली विक्री एवढंच होतं. आता दोन दुकानं माल मागताहेत, एक इथलं आयुर्वेदिक दुकान आणि एक गणपतीपुळ्याच्या बाजूचं भेटवस्तूंचं. दोघंही ४० टक्के मागतात, म्हणजे मला वडीमागे ७२ मिळणार.

माझा हिशोब : ३ किलो तेलाच्या घाण्याचं साहित्य ९९० रुपये, त्यात ३८ वड्या, म्हणजे २६ रुपये. पॅकिंग ८. एकूण ३४. स्वतः विकली तर ८६ सुटतात, दुकानात दिली तर ३८. दीड महिना वडी वाळवायची मी, हात भाजून घ्यायचे मी, आणि नुसती फळीवर ठेवायचे ४८ त्यांना! हा फरक एवढा असतोच का? ३० वर आणता येईल का? अनुभवी लोकांनी सांगावं.

नाना_पेठकर
असतोच. उलट भेटवस्तूंच्या दुकानात ४० म्हणजे नशीब समजा, काही ५० मागतात आणि वर माल विकेल तसे पैसे.

किराणा_आणि_बरंच_काही
दुकानदाराच्या बाजूने बोलतो, शिव्या खायची तयारी आहे. ताई, नुसती फळीवर ठेवायचे ४८ नाहीत ते. मोठ्या कंपन्यांचा साबण मला आठ-दहा टक्क्यांत परवडतो, कारण तो गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं आणि आठवड्यात खोकं संपतं. तुमची वडी हातात घेऊन कोणी विचारलं, "हा फेस देतो का?" तर माझ्या पोराला पाच मिनिटं बोलावं लागतं. महिन्याला सहा वड्या गेल्या तर माझे २८८ रुपये झाले. एक फूट फळीचं महिन्याचं भाडं, लाईट आणि पोराचा पगार त्यातून काढून बघा.

तेजस_सांगली
ताई, जगभर चालणारं सूत्र वापरा आणि मोकळ्या व्हा : खर्च गुणिले दोन म्हणजे होलसेल, होलसेल गुणिले दोन म्हणजे रिटेल. ३४ चे ६८, ६८ चे १३६. म्हणजे तुमचं जवळपास बरोबरच चाललंय. ७२ ला द्या बिनधास्त.

कास्टिक_काका
तेजस, सूत्र चुकीचं नाही, पण त्यात पहिला आकडा कुठला घालायचा यावरच सगळं अवलंबून आहे. ३४ हा वडीचा खर्च नाही.

वडीवाली, तीन प्रश्न. ३८ वड्यांपैकी डब्यात जातात किती? कापताना ओल्या वडीचं वजन किती धरता? आणि ३४ मध्ये तुमची स्वतःची मजुरी कुठे आहे?

वडीवाली
काका, डब्यात ३४ च्या आसपास जातात. दोन्ही टोकांच्या वड्या, कोपरा तुटलेल्या, वर पांढरी राख धरलेल्या घरात वापरतो. ओली ११५ ग्रॅमला कापते, सहा आठवड्यांत १०१-१०२ वर येते. मजुरी धरलेली नाही, घरचीच आहे ना.

कास्टिक_काका
११५ ला कापता ते उत्तम, बरेच जण १०५ ला कापतात आणि मग डब्यावर १०० लिहून आत ९३ देतात.

आता हिशोब नव्याने मांडू. ९९० भागिले ३८ नाही, भागिले ३४. साहित्य २६ वरून २९ वर गेलं. पॅकिंग ८, झाले ३७. मजुरी : ३ किलोचा घाणा मोजणं, ढवळणं, साच्यात ओतणं एक तास; दुसऱ्या दिवशी कापणं, कडा तासणं, भांडी धुणं एक तास; दीड महिन्याने ३४ वड्या गुंडाळून डब्यात घालणं, बॅच मारणं आणखी एक तास. तासाला ८० रुपये जरी धरले तरी २४०, म्हणजे वडीला ७. वाळवणाची खोली, पंखे, लायसन्स, तपासणी, फुकट गेलेला एखादा घाणा, याचे मिळून निदान ५. एकूण ४९.

घरची मजुरी धरायची नाही म्हणता, पण दुकानांची मागणी वाढून उद्या मदतीला बाई ठेवलीत तर ती ८० मागणारच. त्या दिवशी ७२ चा भाव बदलता येणार नाही.

दुकानात माल पोचवण्याचा खर्च वेगळा. ४८ वड्यांचं खोकं पाठवायला वडीला साधारण ३ रुपये, चोवीस वड्यांमागे एक वास घ्यायला उघडी ठेवायची त्याचे २, तुटफूट-परतीचा १. असे ६. तेव्हा ७२ उणे ४९ उणे ६, हातात १७. तुमचे ३८ नव्हेत.

वडीवाली
बाप रे. मग तर दुकानात द्यायलाच नको! प्रदर्शनात १२० सरळ हातात येतात.

नाना_पेठकर
हातात येतात आणि मंडपवाल्याच्या खिशात जातात. स्टॉलचं भाडं किती देता?

वडीवाली
दोन दिवसांचे ४०००. साधारण ८०-९० वड्या जातात. दिवाळीच्या आधी जास्त.

नाना_पेठकर
घ्या. ९० वड्यांवर ४००० म्हणजे वडीला ४४. दोन दिवस तुम्ही तिथे उभ्या, दिवसाचे ८०० धरले तर आणखी १८. काकांचे ४९ मिळवा. १११ झाले. १२० मधून उरले ९, आणि त्यात गाडीभाडं, जेवण, पिशव्या अजून घातलेल्या नाहीत. दुकानातले १७ याच्या जवळपास दुप्पट आहेत. तुमच्याच आकड्यांनी शंभराच्या थोड्या वर वड्या गेल्या तरच प्रदर्शन दुकानाच्या बरोबरीला येतं. दिवाळीत दोनशे गेल्या तर प्रदर्शनच भारी, त्यात वाद नाही.

तो ४८ चा फरक विकण्याच्या कामाचा आहे हो. दुकानात दिलंत की तो दुकानदार घेतो, स्वतः विकलंत की तुम्ही खर्च करता. फक्त स्वतःचा खर्च आपण लिहून ठेवत नाही.

मृण्मयी_एम
माझी त्वचा फार कोरडी आहे, त्यासाठी कोकमाचं तेल घातलेला साबण कोणी करतं का? भाव कितीही चालेल.

तेजस_सांगली
मृण्मयीताई, "भाव कितीही चालेल" म्हणणारी गिऱ्हाइकं वडीवालींना हवीच आहेत, थांबा जरा 😄

बाकी काकांचे ४९ धरले तर सूत्राने होलसेल ९८ आणि एमआरपी १९६ येते. मग १२० च चूक आहे ना?

वडीवाली
१९६ ला चिपळुणात कोण घेणार? १२० लाच दहा जण विचारतात, "सोन्याचा आहे का?"

न्यूजर्सीकर
इकडे सूत्र सर्रास चालतं. छोटी दुकानं किमतीच्या निम्म्या भावालाच माल मागतात, आणि साबण करणारे किंमत ठरवतानाच ते गृहीत धरतात. म्हणजे आधी होलसेल परवडतं का ते बघायचं आणि मग रिटेल. तुम्ही उलटं केलंय. आधी प्रदर्शनाचा भाव ठरला, मग त्यातून दुकानाचा वाटा काढायला बसलात. पण इथला गुणाकार तिथे जसाच्या तसा चालेल असं मी म्हणणार नाही. तिथे वडीच्या शेजारी तीस-चाळीस रुपयांचा कंपनीचा साबण ठेवलेला असतो.

किराणा_आणि_बरंच_काही
एक गोष्ट आधी मिटवा. दुकानदार "टक्के" म्हणतो तेव्हा कशावर ते विचारून घ्या. मी "तेहतीस टक्के सुटले पाहिजेत" म्हणालो तर बऱ्याचदा ते खरेदीवर असतात. ९० ला घेऊन १२० ला विकलं तर खरेदीवर ३३ आणि एमआरपीवर २५. तुमचे दोघं ४० म्हणतात ते एमआरपीवर की खरेदीवर? खरेदीवर असेल तर तुमचा भाव ८५-८६ येतो, ७२ नाही. वडीला तेरा-चौदा रुपयांचा प्रश्न आहे. तोंडी बोलू नका, भाव रुपयांतच लिहून घ्या.

वडीवाली
गणपतीपुळेवाले नक्की एमआरपीवर म्हणाले. आयुर्वेदिकवाल्यांना विचारलंच नाही! उद्या विचारते.

सीए_अर्धवट
जीएसटीचं कोणी बोललं नाही. आंघोळीच्या साबणवडीवर सप्टेंबर २०२५ च्या २२ तारखेपासून १८ ऐवजी ५ टक्के आहे. तुम्ही नोंदणी केलेली नाही म्हणजे तुमचा प्रश्न सुटला असं वाटतं, पण दुकानदाराचा सुटत नाही. तो नोंदणीकृत असेल तर १२० मधले ५.७१ त्याला सरकारला भरावे लागतात, आणि तुमच्या बिलावर कर नसल्यामुळे त्याला वजावट काहीच मिळत नाही. म्हणजे त्याचे ४८ प्रत्यक्षात ४२ च राहिले. तुम्ही नोंदणीकृत असता आणि तेच ७२ कर धरून घेतले असते तर त्याला पावणेसेहेचाळीस सुटले असते, पण तुमच्या ७२ मधले ३.४३ गेले असते. म्हणून काही दुकानदार बिनजीएसटी मालाला टक्के चढवून मागतात, तो लोभ नसतो.

आणि गोव्यातलं दुकान मिळालं तर लगेच हो म्हणू नका. राज्याबाहेर माल द्यायचा तर उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते.

कास्टिक_काका
बरोबर. फक्त एक भर, नोंदणी केली की पॅकिंग आणि कच्च्या मालावर भरलेल्या कराची वजावट यांनाही मिळेल, त्यामुळे पूर्ण ३.४३ चं नुकसान होणार नाही. किती वाचेल ते खरेदीची बिलं बघूनच कळेल, अंदाजाने सांगणं नको. कंपोझिशनमधला दुकानदार असेल तर त्याचं गणित वेगळं, त्याला वजावटीशी घेणंदेणंच नाही.

नाना_पेठकर
मूळ मुद्दा एमआरपीचा आहे असं मला वाटतं. १२० चे १५० केले तर? ४० टक्के देऊन तुम्हाला ९०, त्यातून ५५ गेले, ३५ उरले. १७ चे ३५! दुप्पट. म्हणजे विक्री निम्मी झाली तरी तुमचा नफा तेवढाच, आणि काम निम्मं.

किराणा_आणि_बरंच_काही
नाना, गणित तुमच्या बाजूने बरोबर, माझ्या बाजूने बघा. मला ४८ ऐवजी ६० मिळणार. माझी विक्री पाचातली एक जरी कमी झाली तरी मी आहे तिथेच. निम्मी झाली तर माझं जवळपास चाळीस टक्के नुकसान, फळी मात्र तेवढीच अडलेली. म्हणून भाव वाढवल्यावर तुम्ही खूश असता आणि मी तीन महिन्यांनी "ताई, माल हलत नाही, घेऊन जा" म्हणतो. दोघांची सहनशक्ती वेगळी आहे.

नाना_पेठकर
हे मान्य. हे मी धरलं नव्हतं.

तेजस_सांगली
मग दुकानासाठी १५० ची आणि ओळखीतल्यांसाठी १२० ची एमआरपी छापा. सगळे खूश.

सीए_अर्धवट
नका छापू. एकाच मालावर, एकाच वजनावर दोन वेगवेगळ्या एमआरपी ठेवायला २०१८ पासून पॅकिंगच्या नियमांत बंदी आहे. वजन किंवा माल वेगळा असेल तर प्रश्न नाही. एमआरपी एक ठेवून कमी भावाने विकायला कायद्याची हरकत नाही, तिथे प्रश्न दुकानदाराचा आहे.

किराणा_आणि_बरंच_काही
आणि तो प्रश्न फार मोठा आहे! माझ्याकडे १५० ला आणि ताईंच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर १२० ला, हे गिऱ्हाइकाला कळायला दोन दिवस लागत नाहीत. ते माझ्याकडे वास घेणार, ताईंकडून मागवणार. सगळीकडे एकच भाव ठेवा. ओळखीतल्यांना काही द्यायचंच असेल तर तीन वड्यांचा संच करा, त्यात टोकाची वडी फुकट घाला. त्या टोकांचं तरी काहीतरी होईल.

मृण्मयी_एम
टोकाच्या वड्या मला पाठवा, मी घेते सगळ्या.

कास्टिक_काका
😄 मृण्मयी, टोकाच्या वड्यांना लेबल नसतं, विकता यायच्या नाहीत. संचात घालायच्या झाल्या तरी लेबल लावूनच.

वडीवाली, मला यात टक्क्यांपेक्षा माल कसा देता त्याची काळजी जास्त वाटते. "विकेल तसे पैसे" घेतलेत तर ४० टक्के देऊ नका, २५ ते ३० च्या पुढे जाऊ नका. जांगडावर ठेवलेल्या मालात तुमचे पैसे अडकतात आणि माल खराब व्हायचा धोकाही तुमचाच राहतो. कोकणात पावसाळ्यात वडी हवेतलं पाणी ओढून घेते, कारण घरगुती साबणात ग्लिसरीन तसंच राहतं. डबा आतून ओला होऊन लेबल सुटतं. उलट जुलैत घाईने पॅक केलेली वडी आत ओलीच असते, एसी दुकानात दोन महिन्यांत तिचं वजन उतरतं. डब्यावर "पॅक करतेवेळी" असं वजन लिहायची साबणाला मुभा आहे ती लिहा, पण त्यावर विसंबू नका, कारण डब्यात सैल वाजणारी वडी गिऱ्हाईक परतच करतं. शिवाय सूर्यफूल किंवा तशी लवकर खवट होणारी तेलं जास्त घातली असतील तर सहा-आठ महिन्यांत नारिंगी ठिपके येतात. तो माल परत आला की ४९ अधिक ६ पाण्यात.

रोख किंवा ठरलेल्या मुदतीत पैसे देणाऱ्याला ४० द्या. पहिला माल चोवीस वड्यांचा, त्यातली एक वास घ्यायला तुमच्याकडून. परत घ्यायचा तर फक्त तुटका किंवा ठिपके आलेला, न विकलेला नाही. पहिल्या खेपेला त्यांना भीती वाटत असेल तर न विकलेला माल दुसऱ्या वासाच्या वडीशी बदलून द्या, पैसे परत नाहीत.

नाना_पेठकर
मुदतीवरून आठवलं, उद्यम नोंदणी आहे का? असेल तर लेखी काहीही ठरलेलं असो, ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेच लागतात, लेखी नसेल तर १५. आणि २०२३-२४ पासून मुदत उलटून वर्ष संपेपर्यंतही दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च दुकानदाराला आयकरात धरता येत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. भांडावं लागत नाही, त्याचा सीएच त्याला फोन करतो.

किराणा_आणि_बरंच_काही
छोटा दुकानदार, ज्याचं ऑडिटच नाही, त्याचा सीए कुठून येणार? गणपतीपुळ्याला चालेल हे, गल्लीत नाही. गल्लीत दुसरी खेप देताना पहिलीचे पैसे घ्यायचे, एवढाच नियम.

न्यूजर्सीकर
मला अजून वाटतं खर्चावर कोणी नीट बोललं नाही. ४९ मधले ८ पॅकिंगचे आहेत. साध्या पट्टीत गुंडाळलं तर ३ मध्ये होतं ना? त्यात पाच वाचले तर ते १७ चे २२ होतात, कोणाशी भांडण नाही.

वडीवाली
पट्टीचा विचार केला होता. पण लायसन्स नंबर, बॅच, घटक, तारखा, पत्ता, एमआरपी सगळं वाचता येईल अशा अक्षरांत पट्टीवर बसत नाही, आणि पट्टीत वडी उघडी राहून पावसाळ्यात घाम फुटतो. आयुर्वेदिक दुकानात चाललं असतं, भेटवस्तूंच्या दुकानात डबाच लागतो.

आज फोन केला. आयुर्वेदिकवाल्यांचे ४० टक्के खरेदीवरचे होते!! म्हणजे ते वडीला ८५ द्यायला तयार आहेत, पैसे महिन्याने. गणपतीपुळेवाले एमआरपीवर ४०, पण रोख. काकांच्या हिशोबाने पहिल्याकडे ३०, दुसऱ्याकडे १७.

किराणा_आणि_बरंच_काही
बघा. मी म्हणालो होतो.

कास्टिक_काका
आयुर्वेदिकला १२० वरच द्या. तिथे भाव वाढवायची गरज नाही. पर्यटकांच्या दुकानात १५० चालण्याची शक्यता जास्त, पण एकच वडी दोन एमआरपीत नको. त्यांच्यासाठी १२५ ग्रॅमची वेगळ्या साच्यातली वडी काढा, कोकमाचं तेल घालून, वेगळ्या नावाने. ती १७५ ला जाईल की नाही हे मी सांगू शकत नाही. चोवीस ठेवून बघा.

नाना_पेठकर
मला १७५ जास्त वाटतात. १५० च्या पुढे पर्यटकसुद्धा वडी खाली ठेवतो.

वडीवाली
करून बघते. एकच अडचण, १२० छापलेले डबे अजून हजारभर शिल्लक आहेत. पुढे १२० चे १३० करायचे झाले तर वर स्टिकर लावला तर चालेल?

सीए_अर्धवट
एमआरपी वाढवायला स्टिकर चालत नाही. कमी करायला चालतो, तोही जुना आकडा न झाकता. हे हजार डबे १२० लाच संपवा. पुढचे छापाल तेव्हा एमआरपी, बॅच आणि महिना यांची जागा कोरी ठेवा, पॅक करताना शिक्का मारा.

कास्टिक_काका
आणि त्या चौकोनावर लॅमिनेशन नको असं छापखान्याला आधीच सांगा. चकचकीत भागावर साध्या पॅडची शाई बोटाने पुसते, आणि एमआरपी पुसलेला डबा दुकानदार पहिल्याच दिवशी परत करतो.